वजन उतरल्यानंतरचा आहार : क्रमवृद्धीचा विचार

स्थौल्याच्या चिकित्सेत वजन उतरविण्याचा भाग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. लंघन, लेखन द्रव्ये, उद्वर्तन, व्यायाम आणि आवश्यक तेथे शोधन यांची योजना आपण करतो आणि रुग्णाचे वजन सहा महिन्यांत आठ-दहा किलोने उतरते. अडचण येते ती यानंतर. रुग्ण विचारतो, "वैद्यबुवा, आता नेहमीचे जेवू ना?" आणि बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, "हो, पण बेताने." हे 'बेताने' म्हणजे नेमके किती, ते किती दिवसांत वाढवायचे आणि वाढवताना चुकत असेल तर ते कसे ओळखायचे, याची व्यवस्था चिकित्सापत्रकावर क्वचितच लिहिलेली असते. वर्षभरात रुग्णाचे वजन पूर्वपदावर येते आणि दोष औषधाला किंवा वैद्याला दिला जातो. प्रस्तुत लेखात वजन उतरविण्याच्या उपायांची चर्चा आम्ही करणार नाही. उतार थांबवून स्थैर्याकडे जाण्याचे जे तीन-चार महिने असतात, केवळ त्यांचाच विचार येथे करावयाचा आहे.

संसर्जन क्रम येथे पुरत नाही

आहार एकदम पूर्ववत करू नये, हे आयुर्वेदास नवीन नाही. शोधनानंतर पेया, विलेपी, अकृत यूष, कृत यूष, मांसरस अशा क्रमाने रुग्णास प्राकृत आहारावर आणण्याचा संसर्जन क्रम आपण सर्व जण पाळतो. परंतु या क्रमाचा हेतू अग्नीचे संरक्षण हा आहे. शोधनाने मंद झालेला अग्नी लघु अन्नापासून गुरू अन्नापर्यंत सांभाळून न्यावयाचा, म्हणून त्याची मुदत शुद्धीच्या प्रकारानुसार तीन, पाच वा सात दिवसांची असते. सातव्या दिवशी अग्नी पूर्ण आहार पचविण्यास समर्थ होतो. मात्र त्या आहाराचे प्रमाण नव्या, हलक्या शरीराच्या गरजेइतकेच आहे की अधिक, हा प्रश्न संसर्जन क्रमाने सुटत नाही आणि तो सोडविणे हा त्याचा उद्देशही नाही. वजन उतरविण्यासाठी शोधन घेतलेल्या रुग्णास आठव्या दिवशी 'आता प्राकृत आहार' असे सांगून मोकळे सोडले जाते. आमच्या मते पुनरावृत्तीचे बीज बहुधा येथेच पेरले जाते.

या प्रश्नाला अधिक जवळचा असा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात आहे. अहितकर सवय सोडताना आणि हितकर सवय धरताना पाव-पाव भागाने आणि मध्ये अंतर ठेवून बदल करावा, असा पादांशिक क्रम तेथे सांगितला आहे. अग्नीची काळजी संसर्जन क्रमाने घ्यावी आणि प्रमाणाची काळजी पादांशिक क्रमाने, असे दोन निराळे टप्पे मनाशी ठेवल्यास पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

जुना आहार जुन्या वजनाचा असतो

वजन उतरले म्हणजे शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. याची दोन कारणे आहेत. शरीर लहान झाल्यामुळे ते चालविण्यास, हलविण्यास आणि उबदार ठेवण्यास कमी उष्मांक, म्हणजे कमी कॅलरी, लागतात. याखेरीज कमी आहाराच्या काळात शरीर थोडी काटकसरही करू लागते. केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात असे आढळले की, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च सुमारे २० ते ३० उष्मांकांनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. हा अभ्यास मधुमेही रुग्णांचा होता. औषधामुळे त्यांच्या मूत्रावाटे साखर जात होती आणि आपण काही गमावीत आहोत याची त्यांना जाणीव नव्हती. त्यामुळे दिसलेली भुकेची वाढ ही शरीराची होती, मनाची समजूत नव्हती.

यातील खर्चाची घट तुलनेने लहान आहे आणि भुकेची वाढ मोठी आहे, ही गोष्ट आम्हास महत्त्वाची वाटते. 'चयापचय बिघडला म्हणून वजन परत आले' असे रुग्ण म्हणतो. वास्तविक बहुतेकदा अधिक भार भुकेचा असतो. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ मध्ये ५० स्थूल व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांच्या अत्यल्प आहाराने वजन उतरविल्यानंतर एक वर्ष उलटूनही भूक वाढविणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरके पूर्वस्थितीला आली नव्हती. अतिस्थूल मनुष्याचा कोष्ठगत वायू मेदाने मार्ग रोधल्यामुळे अग्नीस प्रदीप्त करतो आणि त्यास पुनःपुन्हा अन्नाची इच्छा होते, हे चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात सांगितले आहे. दोन्ही वर्णने एकच आहेत असा आमचा दावा नाही. परंतु स्थूल रुग्णाच्या भुकेस केवळ जिभेचे चोचले समजू नये, हा बोध दोन्हींतून मिळतो.

भुकेला मोकळे सोडल्यास काय होते, याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे आहे. ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरविले आणि नंतर आहार वाढविला. निर्बंध उठल्यावर अभ्यासात राहिलेल्या तरुणांनी प्रचंड प्रमाणात अन्न खाल्ले आणि त्यांच्या शरीरातील मेद मूळच्याही पुढे गेला, मांसधातू मात्र मागे रेंगाळला. हे तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे हा निष्कर्ष स्थूल रुग्णांस जसाच्या तसा लावता येत नाही. तथापि, परत येणारे वजन प्रथम मेदाच्या रूपाने येते आणि गेलेले मांस त्या गतीने भरून येत नाही, ही सूचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

क्रमवृद्धीने काय साधते, काय साधत नाही

आहार हळूहळू वाढविल्याने मंदावलेला चयापचय पुन्हा वेगवान होतो आणि मग मनुष्य कितीही खाऊ शकतो, असा एक समज व्यायामशाळांतून पसरला आहे आणि तो आपल्या रुग्णांपर्यंतही पोहोचला आहे. यास पुरेसा आधार नाही. आहार पुरेसा झाला की काटकसर काही अंशी सैल होते, हे खरे. परंतु चौसष्ट किलोचे शरीर चौऱ्याहत्तर किलोच्या शरीराइतका खर्च करू शकत नाही, मग आहार हळू वाढवा वा एकदम.

क्रमवृद्धीचा लाभ निराळा आहे आणि आमच्या दृष्टीने तो पुरेसा मोठा आहे. आपला नवा समतोल किती उष्मांकांवर आहे, हे कोणत्याही सूत्राने अचूक सांगता येत नाही. ते प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत शोधूनच काढावे लागते. लहान पायऱ्यांनी वर गेल्यास समतोल ओलांडला तरी तो थोडक्याने ओलांडला जातो, नुकसान पावभर-अर्ध्या किलोचे होते आणि एक पायरी मागे येणे रुग्णास जमते. शिवाय प्रत्येक पायरीवर रुग्णाला एक निश्चित नवा पदार्थ मिळतो, त्यामुळे 'पथ्य संपले' अशी भावना होऊन सर्वच बंध सुटत नाहीत.

पद्धती

प्रथम समतोलाचा अंदाज बांधावा. यासाठी शेवटच्या चार आठवड्यांतील आहार आणि वजनातील घट एवढ्या दोनच गोष्टी लागतात. एक किलो मेदामागे सुमारे ७७०० उष्मांक धरण्याचा प्रघात आहे. चार आठवड्यांत जितके किलो उतरले त्यास ७७०० ने गुणून २८ ने भागले की रोजची तूट मिळते. ती चालू आहारात मिळविली की समतोलाचा अंदाज येतो. रुग्णाने आहार मोजताना थोडे कमी लिहिले असले तरी फारसे बिघडत नाही, कारण पुढेही तो त्याच वाटीने आणि त्याच चमच्याने मोजणार असतो. माप चुकीचे असले तरी एकच असले पाहिजे. नवा पदार्थ न मोजता आत आला की मात्र हिशेब कोलमडतो.

त्यानंतर दर दोन आठवड्यांस सुमारे १०० उष्मांकांची एक पायरी द्यावी. आपल्या घरगुती अन्नात ही पायरी बसविणे सोपे आहे. तेल न लावलेली ३० ग्रॅम पिठाची एक पोळी, ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा अर्धा भाग, ३० ग्रॅम कोरड्या मुगाची उसळ, किंवा चहाचे दोन सपाट चमचे तूप हे प्रत्येकी ९० ते १०० उष्मांकांच्या आसपास भरतात. यांपैकी कडधान्य प्रथम, धान्य नंतर आणि स्नेह शेवटी असा क्रम आम्ही सुचवितो. कडधान्याने भूक अधिक काळ शमते आणि मांसधातूस पोषण मिळते. स्थौल्यात मूग, कुळीथ, जव आणि सामान्यतः ज्वारी मानला जाणारा जूर्णाह्व यांचा उल्लेख चरकाचार्यांनी केलेलाच आहे. तूप शेवटी ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. चहाचा सपाट चमचा ५ ग्रॅमचा, म्हणजे ४५ उष्मांकांचा असतो. त्याच तुपाच्या बरणीत जेवणाचा मोठा चमचा गेला की तो १५ ग्रॅम घेऊन येतो आणि घरच्या कोणाच्याही लक्षात येत नाही.

वजन रोज सकाळी, मलमूत्रविसर्जनानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर घ्यावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. एकेका दिवसाच्या आकड्यास महत्त्व देऊ नये. नाभीच्या पातळीवरील कंबरेचा घेर दर दोन आठवड्यांनी मोजावा. चालणे व व्यायाम वजन उतरविण्याच्या काळात जितका होता तितकाच ठेवावा, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर किंवा वजन उचलणे यांसारखा बल वाढविणारा व्यायाम असावा. आहार वाढविताना व्यायाम कमी केला तर दोन गोष्टी एकदम बदलतात आणि कशाने काय झाले ते समजत नाही.

पाण्याचे वजन आणि मेदाचे वजन

पहिल्या पायरीनंतर आठवडाभरात वजन अर्धा-पाऊण किलो, क्वचित किलोभर वाढते. नेमक्या याच वेळी रुग्ण घाबरतो आणि वाढविलेले अन्न सोडून देतो किंवा निराश होऊन सर्वच पथ्य सोडतो. ही वाढ मेदाची नसते. यकृत आणि मांसपेशींतील साठवणीची साखर कमी आहारात घटलेली असते. आहार वाढला की ती भरून येते आणि प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. आतड्यातील अन्नाचा भारही थोडा वाढतो आणि लोणचे-पापडातील मीठ वाढले तर त्याचेही पाणी थांबते. रोज १०० उष्मांक वाढवून एका आठवड्यात ७०० उष्मांक होतात. ते सर्वच्या सर्व मेद झाले तरी तो जेमतेम ९० ग्रॅम भरेल. तेव्हा अर्धा किलो मेद होणे गणितातच बसत नाही, हे रुग्णास पायरी देण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

दोहोंतील भेद ओळखण्याची खूण अशी की, पाणी एकदम चढते आणि थांबते. मेद दर आठवड्यास थोडाथोडा चढत राहतो आणि थांबत नाही. पाण्याने कंबर फारशी बदलत नाही, मेदाने ती महिन्याभरात सांगू लागते. स्त्रियांमध्ये मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत एक-दीड किलोपर्यंत पाणी थांबू शकते, म्हणून त्यांची तुलना मागील आठवड्याशी न करता मागील पाळीच्या त्याच आठवड्याशी करावी.

एक उदाहरण

वरील विवेचन एका उदाहरणाने स्पष्ट करतो. ४२ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंचीची एक शिक्षिका आहे असे समजू. वजन ७४ किलोवरून उतरून ६३.९ किलोवर आले आहे. शेवटचे चार आठवडे तिचा आहार १३०० उष्मांकांचा होता आणि या काळात साप्ताहिक सरासरी ६५.१ वरून ६३.९ झाली, म्हणजे १.२ किलो घट झाली. यावरून रोजची तूट सुमारे ३३० उष्मांक येते आणि समतोल १६३० च्या आसपास येतो. वजन ७४ किलो होते तेव्हा तिचा समतोल १८५० च्या जवळ होता. ती आज एकदम जुन्या जेवणावर गेली तर रोज २२० उष्मांक अधिक होतील, पहिल्या महिन्यात पाऊण किलोहून अधिक मेद परत येईल आणि ही वाढ मंदावत मंदावत जुन्या वजनाच्या जवळ जाऊनच थांबेल. यात तिने काही आगळीक केलेली नसेल, तिने केवळ जुनेच जेवण जेवलेले असेल.

क्रमवृद्धीत तिला पहिल्या दोन आठवड्यांस सायंकाळी मुगाची उसळ दिली. आहार १४०० झाला. वजन पहिल्या आठवड्यात ६४.२ वर गेले आणि दुसऱ्यात ६४.० वर आले. चढून थांबले, म्हणजे पाणी. पुढील दोन आठवड्यांस दुपारी एक पोळी वाढविली. आहार १५०० झाला, वजन ६४.२ आणि नंतर ६३.९. पाचव्या व सहाव्या आठवड्यात दोन चहाचे चमचे तूप दोन्ही जेवणांत विभागून दिले. आहार १६०० झाला आणि वजन ६४.० व ६३.९ राहिले. आत थोडा मेद अजूनही उतरत होता आणि त्याची जागा पाण्याने घेतली होती, म्हणून काटा स्थिर दिसला. कंबर ८४ सेंटिमीटरवर होती.

सातव्या आठवड्यात रात्रीची अर्धी भाकरी वाढवून १७०० ची पायरी दिली आणि अंदाज ओलांडला जात असल्यामुळे ती चार आठवडे तपासण्याचे ठरविले. सरासरी अनुक्रमे ६४.२, ६४.४, ६४.६ आणि ६४.८ आली. येथे वजन चढून थांबले नाही, दर आठवड्यास सारख्याच पावलाने चढत राहिले. कंबर ८५.५ झाली. म्हणजे ही वाढ मेदाची. परंतु गणित पाहू गेल्यास १७०० वर रोजचे आधिक्य केवळ ७० उष्मांकांचे असावयास हवे होते आणि चार आठवड्यांत ते पाव किलोच्या आसपास भरले असते. येथे वाढ ०.९ किलोची दिसत होती. तेव्हा १०० उष्मांकांच्या पायरीखेरीज आणखी काही आत येत असले पाहिजे. चौकशीअंती कळले की शाळेतील परीक्षांच्या दिवसांत सहकाऱ्यांसोबत रोज दोन कप चहा वाढला होता. म्हशीचे दूध अर्धा कप आणि साखर एक चमचा धरली तरी एक कप ७५ उष्मांकांचा होतो, दोन कपांचे १५० झाले. चहा हे अन्न आहे असे तिला वाटत नसल्यामुळे तो वहीत लिहिला गेला नव्हता.

जादा चहा बंद केला, अर्धी भाकरी काढली आणि आहार पुन्हा १६०० वर आणला. पुढील चार आठवड्यांत सरासरी ६४.६, ६४.५, ६४.४ आणि ६४.४ अशी स्थिरावली. हा तिचा नवा समतोल. १३०० च्या तुलनेत तिला रोज एक उसळ, एक पोळी आणि जेवणावर तूप मिळाले आणि ७४ किलोच्या काळातील आहाराशी तुलना करता रोज सुमारे २५० उष्मांक तिने कायमचे सोडले. हे अंतर कायमचे आहे, हे तिला या चौदा आठवड्यांत स्वतःच्या वहीतून दिसले. केवळ उपदेशाने ते पटले नसते.

कोठे ही पद्धत लागू नाही

सर्वच रुग्णांस दोन आठवड्यांच्या पायऱ्यांनी न्यावे, असे नाही. ज्या रुग्णाचा आहार फारच तुटपुंजा झालेला आहे, थकवा, थंडी सहन न होणे, केस गळणे, मासिक पाळी लांबणे वा बंद होणे अशी अपतर्पणाची लक्षणे दिसत आहेत, त्यास हळूहळू वाढविणे म्हणजे उपासमार लांबविणे होय. अशा रुग्णास अंदाजित अंतराचा निम्मा भाग पहिल्या आठवड्यातच द्यावा आणि उरलेला भाग पायऱ्यांनी द्यावा. गर्भिणी व स्तन्यदा स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले आणि आधीच कृश असलेल्या व्यक्ती यांना हा हिशेब लावूच नये. ज्यांना खाण्याचे आणि वजनाचे विचार दिवसभर सोडत नाहीत, जे चोरून भरपूर खातात आणि मग वांती करतात, त्यांच्या हाती रोजच्या वजनाची वही देणे अपायकारक ठरू शकते. त्यांना मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविणे हेच कर्तव्य आहे.

मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. वजन उतरताना त्यांच्या औषधांच्या मात्रा बहुधा कमी केलेल्या असतात. आहार वाढू लागला की रक्तशर्करा व रक्तदाब यांची पुन्हा तपासणी आवश्यक ठरते. प्रत्येक पायरीनंतर घरची मोजणी वहीत लिहावी आणि मात्रेतील बदल संबंधित चिकित्सकाच्या सल्ल्यानेच करावा.

औषधालयाच्या मेजावरून

औषधालय चालविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींचा या विषयाशी निकटचा संबंध आहे. वजन उतरल्यावर रुग्ण वैद्याकडे जाणे थांबवितो, दुकानात येणे मात्र थांबवीत नाही. लेखन औषधाची पुढील बाटली मागणारा जुना ग्राहक आला की वजन पुन्हा वाढते आहे का, हे विचारण्याची ती योग्य वेळ आहे. आहार जुन्या प्रमाणावर गेलेला असताना औषध चालू ठेवून वजन रोखले जाईल, असे आश्वासन देऊ नये.

दुसरी गोष्ट जेवणाऐवजी घ्यावयाच्या चूर्णांची. त्याच्या एका मात्रेत सुमारे २०० उष्मांक असले आणि रुग्णाने ती बंद करून त्या वेळी ४००-५०० उष्मांकांचे जेवण सुरू केले, तर एका दिवसात दोन-तीन पायऱ्या एकदम चढल्या जातात. अशा ग्राहकास प्रथम एकच मात्रा सोडावयास सांगावी आणि तिच्या जागी सुमारे ३०० उष्मांकांचे साधे जेवण, जसे दोन पोळ्या आणि एक वाटी पातळ वरण, दोन आठवडे घ्यावयास सांगावे. दुकानात वजनकाटा असल्यास तो दर महिन्यास ठरावीक वजनाने तपासावा आणि ग्राहकाने पादत्राणे काढून, शक्यतो त्याच वेळी येऊन वजन करावे, असा आग्रह धरावा.

पुढील वर्षाची व्यवस्था

समतोल सापडल्यावर रोजचा हिशेब ठेवण्याची गरज राहत नाही. परंतु भुकेची संप्रेरके वर्षभरानंतरही पूर्ववत झालेली नसतात हे लक्षात घेता, निदान एक वर्ष साप्ताहिक सरासरी चालू ठेवावी. स्थिरावलेल्या वजनाच्या वर दीड किलोची एक रेषा वहीत आखून द्यावी. सलग दोन आठवड्यांची सरासरी त्या रेषेपलीकडे गेली, तर शेवटची पायरी दोन ते चार आठवडे मागे घ्यावी आणि न मोजलेला पदार्थ शोधावा. दीड किलो ही मर्यादा अशासाठी की, त्याखालची चढउतार बहुधा पाण्याची असते आणि त्यावरची वाढ उतरविणे अजून अवघड झालेले नसते. सणासुदीच्या दिवसांनंतर वजन वाढले तर एक आठवडा नेहमीचा आहार घेऊन मगच मोजणी करावी. दिवाळीच्या फराळानंतरच्या पहिल्या सकाळचा काटा मिठाचे आणि साखरेचे पाणीच अधिक दाखवितो.

चिकित्सापत्रकावर वजन उतरविण्याचा कालावधी जसा आपण लिहितो, तसाच त्याच्या खाली स्थैर्याचा चौदा आठवड्यांचा भाग पहिल्याच भेटीत लिहून द्यावा, अशी आमची वैद्यबंधूंस विनंती आहे. पायऱ्यांचे पदार्थ, मोजणीचे दिवस आणि मागे येण्याची रेषा एवढ्या तीनच नोंदी त्यासाठी पुरेशा आहेत.